आधी काकारी की आधी पसरणं? एकाच पटावर दोन उत्तरं

जळगावात संध्याकाळी आम्ही पट मांडून बसतो, तिथं नव्याने गो शिकणाऱ्याचा पाचव्या-सहाव्या खेळीला हात थांबतो. चारही कोपऱ्यांत सोंगट्या पडलेल्या असतात, मधला पट मोकळा असतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, त्याच्या कोपऱ्यावर जाऊ का कडेनं पसरू?" बुद्धिबळातून आलेली मुलं बहुतेक वेळा कोपऱ्यावर जातात, कारण त्यांना समोरच्याला छेडावंसं वाटतं. भुसावळचे आमचे आप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले, नेमके उलटे. ते आपली सोंगटी ठेवली की लगेच तिच्या शेजारी कडेनं जागा धरायला निघतात. दोघंही पट न बघता आपल्या स्वभावाप्रमाणे खेळतात. उत्तर मात्र पटावरच असतं, आणि एक सोंगटी इकडची तिकडे झाली तरी ते बदलतं. इथे तेच दाखवतो. पट मांडून वाचा. लाकडी पट नसेल तर online-go.com वर फुकट खातं उघडून डेमो बोर्ड घ्या, दोन्ही रंग स्वतःच ठेवता येतात.

पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात. उभ्या रेघांना डावीकडून A ते T अशी अक्षरं आहेत, त्यात I हे अक्षर वगळलेलं असतं. आडव्या रेघा खालून वर १ ते १९. म्हणजे R ही उजव्या कडेपासून तिसरी उभी रेघ आणि Q ही चौथी. सुरुवातीच्या खेळाचं बहुतेक काम तिसऱ्या-चौथ्या रेघेवरच चालतं, म्हणून एवढं पाठ असलं तरी पुरतं.

तीन शब्द लागतील. समोरच्याच्या कोपऱ्यातल्या एकट्या सोंगटीजवळ आपली सोंगटी नेऊन ठेवणं म्हणजे काकारी. आपल्याच कोपऱ्यातल्या सोंगटीला दुसरी जोडून कोपरा बंद करणं म्हणजे शिमारी. आपल्या सोंगट्यांपासून कडेच्या रेघेने जागा धरणं, त्याला आम्ही सरळ पसरणं म्हणतो.

पहिली पायरी: कोपऱ्यात कुठली सोंगटी आहे ते बघा

Q16 किंवा D4 वर जी सोंगटी असते ती दोन्ही कडांपासून चौथ्या रेघेवर असते. तिला होशी म्हणतात. ती दोन्ही बाजूंना सारखीच बघते, एका खेळीत कोपऱ्याचं काम उरकते आणि तुम्हाला कडेकडे जायला मोकळं करते. १९३३ मध्ये गो सेइगेन आणि कितानी मिनोरू या दोन खेळाडूंनी सुरुवातीच्या खेळाची नवी मांडणी पुढे आणली, तेव्हा होशीला जे महत्त्व आलं त्याचं हेही एक कारण. होशीला शिमारीची घाई नसते, त्यामुळे तिच्यावर काकारी करायचीही तेवढी घाई नसते.

R4 वरची सोंगटी वेगळी. ती उजव्या कडेपासून तिसऱ्या आणि खालच्या कडेपासून चौथ्या रेघेवर आहे. तिला कोमोकू म्हणतात. तिचा कल एका बाजूला असतो आणि दुसरी बाजू उघडी राहते. R4 ची उघडी बाजू म्हणजे खालची. काळ्याने P3 वर दुसरी सोंगटी ठेवली की कोपरा जवळजवळ त्याचा झाला. पांढऱ्याने आधी P3 किंवा P4 वर काकारी केली तर तो कोपरा कधीच तसा बंद होत नाही. एकाच जागेवर दोघांचा डोळा असतो, म्हणून कोमोकूच्या उघड्या बाजूची खेळी सहसा कडेने पसरण्यापेक्षा मोठी ठरते.

दुसरी पायरी: हा पट मांडा

तुम्ही पांढरे आहात आणि खेळी तुमची आहे.

```
काळा:   Q16, R4, R10
पांढरा: D16, D4
```

काळ्याने R4 वर शिमारी न करता उजव्या कडेच्या मध्यावर, R10 वर, उडी मारली आहे. Q16, R10 आणि R4 अशी उजव्या बाजूला त्याची रांग दिसते. नवखा माणूस ही रांग बघून बिचकतो आणि आपणही अशीच रांग उभारू म्हणून डाव्या बाजूला C10 वर किंवा खाली K4 वर जातो. तसं केलं तर काळा P3 वर शिमारी करेल. मग R10 ची सोंगटी नेमक्या हव्या त्या जागी येते, कारण R4-P3 ही शिमारी वरच्या दिशेला बघते आणि तिच्यासमोरची कड म्हणजे उजवी कडच. काळ्याने खेळ्यांचा क्रम उलटा लावला होता, तो तुम्ही त्याला सरळ करून दिलात.

इथे आधी काकारी करायची, आणि ती P4 वर. खालची कड अजून रिकामी आहे आणि तिच्या पलीकडच्या टोकाला तुमची D4 उभी आहे. काकारी करून जिकडे पसरायचं तिकडे जागा आहे आणि आपलं माणूसही आहे.

पुढचं नेहमीचं वळण असं जातं. काळा तुमच्या सोंगटीखाली P3 वर चिकटतो. तुम्ही O3 वर वाकून त्याला अडवता. काळा Q3 वर मागे सरतो. आता P4 आणि O3 या तुमच्या सोंगट्या तिरक्या आहेत आणि O4 वर तुटायची भीती आहे, म्हणून तुम्ही O4 वर जोडता. काळा R6 वर एक घर सोडून वर उडी मारतो. आणि मग तुम्ही K3 वर पसरता.

ही शेवटची खेळी विसरली तर आधीच्या सगळ्या वाया जातात, आणि नवीन मुलं नेमकी तीच विसरतात. O4 वर जोडून झालं की त्यांना वाटतं आपलं काम झालं, आणि ती डावीकडे वरच्या कोपऱ्यात निघून जातात. मग काळा स्वतः K3 च्या आसपास येऊन बसतो. तुमच्या तीन सोंगट्यांना कडेवर घर करायला जागा उरत नाही, त्या मध्याकडे पळत सुटतात, आणि त्यांना पळवता पळवता काळा दोन्हीकडे जमीन कमावतो. इथे काकारी आणि पसरणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. K3 कडे जाता येणार होतं म्हणूनच P4 ची काकारी चांगली ठरली.

K3 च का, J3 किंवा M3 का नाही? त्याचा जुना हिशेब आहे. कडेवर एकटी सोंगटी असेल तर तिच्यापासून मध्ये दोन घरं मोकळी सोडून पसरायचं. एकावर एक अशा दोन सोंगट्यांची भिंत असेल तर तीन घरं सोडायची, तीन सोंगट्यांची असेल तर चार. इथे O3 आणि O4 ही दोन सोंगट्यांची भिंत आहे, म्हणून N, M, L ही तीन घरं सोडून K. याहून लांब गेलात तर काळा मध्ये उतरून दोन्ही टोकं वेगळी करू शकतो. M3 वर थांबलात तर तुटणार नाही, पण भिंत बांधायला लावलेल्या खेळ्यांचं मोल निम्म्यावर येतं. अंतराचा हा नियम आजूबाजूला काळ्याची ताकद नसताना चालतो. शेजारी त्याची भक्कम भिंत असेल तर एखादं घर कमीच सोडा.

काळा दरवेळी P3 वर चिकटेलच असं नाही. काही जण P4 ला दुसऱ्या बाजूने अडवायला L3 वर येतात, यालाच चिमटा म्हणतात. घाबरू नका, P6 वर एक घर सोडून वर उडी मारा. तुमची जोडी आता R4 आणि R10 यांच्या मध्ये डोकं वर काढते, आणि L3 ची काळी सोंगटी तुमच्या D4 आणि P4-P6 यांच्या मध्ये एकटी उरते. पुढे पसरायची गरज तिलाच लागणार आहे.

तिसरी पायरी: एकच सोंगटी हलवा

आता R10 वरची काळी सोंगटी उचला आणि P3 वर ठेवा. बाकी पट तसाच.

```
काळा:   Q16, R4, P3
पांढरा: D16, D4
```

खेळी पुन्हा तुमचीच. खालच्या उजव्या कोपऱ्यात शिमारी झाली, तिथे काकारी करण्यासारखं काही उरलं नाही. काकारीला एकच जागा दिसते, Q16 ची होशी. अमळनेरहून कॉलेजसाठी येणारी एक मुलगी आमच्याकडे खेळते. तिने हा पट बघताच O17 वर हात नेला. ही सगळ्यांना सुचणारी खेळी आहे, म्हणून ती नीट तपासू.

तुम्ही O17 वर गेलात. काळा R14 वर उत्तर देतो, होशीचं हे अगदी साधं उत्तर. आता तुमच्या O17 ला घर हवं म्हणून तुम्ही वरच्या कडेने K17 कडे पसरता. तुमचं वाईट झालेलं नाही, D16 पाठीशी आहे. पण खेळी काळ्याची आहे, आणि तो R10 च्या आसपास सोंगटी ठेवून अख्खी उजवी बाजू आपली करतो. खाली शिमारी, वर होशी आणि R14, मध्ये R10. उजवीकडे तुमची एकही सोंगटी नाही.

"मग R14 झाल्यावर मी वर पसरणार नाही, सरळ R10 वर जाईन," ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर समजलं की या लेखातलं बरंचसं समजलं. R10 वर बसलेल्या पांढऱ्या सोंगटीला जगायला वर R13 आणि खाली R7 अशा दोन जागा हव्यात. तुम्ही O17 खेळून काळ्याला R14 ची सोंगटी आपणहून देऊन टाकलीत, त्यामुळे वरची जागा संपली. शिवाय O17 पासून पसरायचं राहिलं, म्हणजे वरच्या कडेला दुसरी कमकुवत सोंगटी तयार झाली. काकारी केली की समोरचा काहीतरी उत्तर देतो, आणि ते उत्तर पटावर कायमचं राहतं. म्हणून काकारी करण्याआधी विचारायचं: त्याचं उत्तर जिथे पडेल, तिथे मला पुढे जायचंय का? उत्तर 'हो' असेल तर आधी तिकडेच जा.

मग दुसऱ्या बाजूने काकारी करू, R14 वर? तेही बघू. काळा R10 वर चिमटा घेतो. तुमच्या R14 ला खाली पसरायला जागा राहत नाही, आणि तीच R10 ची सोंगटी शिमारीपासून नेमक्या दिशेला पसरलेली ठरते. एका खेळीत त्याने तुम्हाला अडवलं आणि घरही वाढवलं. तुम्ही R17 वर कोपऱ्यात शिरून जगू शकता, मरणार नाही. पण कोपऱ्यातली छोटी जमीन तुमची आणि बाहेरची सगळी बाजू त्याची, हा सौदा सहाव्या खेळीला पदरात पाडून घ्यायचं कारण नाही. समोरच्याचा चिमटा त्याच्याच दुसऱ्या सोंगट्यांसाठी उत्तम पसरणं होत असेल तर त्या बाजूने काकारी करू नये. चिमटा येण्याआधी तुम्हाला तो पटावर दिसायला हवा.

चौथी पायरी: कडेवरच जा

या पटावर बरोबर खेळी म्हणजे R10. शिमारी आणि होशी यांच्या मध्ये, उजव्या कडेच्या मध्यावर, तिसऱ्या रेघेवर. समोरच्याची बाजू अशी मधोमध फोडणाऱ्या खेळीला वारिउची म्हणतात. एकटी सोंगटी शत्रूच्या दोन ठाण्यांमध्ये ठेवायची म्हणजे धाडस वाटतं, पण जगण्याच्या दोन्ही जागा मोकळ्या आहेत तोवर ती सुरक्षित असते. जळगाव स्टेशनवरून मुंबईला जाणाऱ्याची मनमाडकडची गाडी चुकली तरी अमळनेर-नंदुरबारवरून सुरतमार्गे जाता येतं, तसंच हे.

काळा वरून R13 वर आला तर तुम्ही R7 वर पसरा. मध्ये 9 आणि 8 ही दोन घरं मोकळी, एकट्या सोंगटीचा हिशेब बरोबर जुळतो. शिवाय R7 शिमारीच्या तोंडावर बसते आणि तिला वर वाढू देत नाही. काळा खालून R7 वर आला तर तुम्ही R13 वर पसरा. ही सोंगटी Q16 च्या जवळ येऊन तिच्यावर थोडा दाबही टाकते, म्हणजे पसरता पसरता अर्धी काकारीही झाली. अशी दुहेरी खेळी मिळाली की सोडू नका.

R13 ऐवजी R14 वर जाऊन पूर्ण काकारी करावी असा मोह होईल. अनुभवी खेळाडू कधी कधी जातातही. पण R10 पासून R14 पर्यंत तीन घरं मोकळी राहतात आणि मागे एकच सोंगटी असते. काळा R12 वर उतरला की तुम्हाला दोन्हीकडे धावावं लागतं. सुरुवातीचे काही महिने R13 च खेळा.

काळ्याने R10 कडे दुर्लक्ष करून दुसरीकडे खेळी केली तर घाईने पुन्हा तिथेच जाऊ नका. एक जागा त्याने घेतली तर दुसरी तुमचीच आहे, म्हणून तुम्हालाही दुसरीकडे जायची मोकळीक आहे. आता O17 ची काकारी बघता येईल, पण R14 दिल्यावर R10 च्या वरची जागा जाते हे लक्षात ठेवूनच.

दोन प्रकारचं पसरणं

आप्पांच्या खेळात इथे घोळ होतो. R4-P3 सारख्या भक्कम शिमारीपासून काळा R10 वर पसरतो तेव्हा त्याला जमीन वाढवायची असते. ती खेळी पुढे ढकलली तरी शिमारी मरत नाही. P4-O3-O4 पासून K3 वर पसरणं वेगळं, त्या सोंगट्यांना राहायला जागा लागते आणि ते टाळता येत नाही. कडेने पसरायची इच्छा झाली की आधी ठरवा, ज्या सोंगटीपासून पसरतोय तिला त्याची गरज आहे का. गरज असेल तर ते दुसऱ्या कुठल्याही काकारीच्या आधी. गरज नसेल तर आधी पटावर एखाद्या कोमोकूची उघडी बाजू शिल्लक आहे का ते पाहा आणि तिथे जा. आप्पा भक्कम शिमारीपासून आणखी दोन घरं पुढे सरकतात आणि तेवढ्यात समोरचा उघडी कोमोकू बंद करून घेतो. त्यांची जमीन वाढलेली दिसते खरी, पण ती आधीपासून जवळजवळ त्यांचीच होती.

चुकलं का हे ओळखायला वीसेक खेळ्या झाल्यावर थांबा. डाव सुरू असतानाच प्रत्येक कडेवरची आपली सोंगटी बघा: तिच्या एका तरी बाजूला दोन घरं सोडून बसायला जागा आहे का? जिला नाही, तिच्याजवळच कुठेतरी तुम्ही काकारी करून पसरायचं विसरलात, किंवा काकारीने समोरच्याला आयती भिंत बांधून दिलीत. दुसरी खूण समोरच्याच्या खेळीत दिसते. त्याच्या एकेका सोंगटीने तुम्हाला अडवणं आणि स्वतः पसरणं अशी दोन कामं होत असतील, तर काकारीची बाजू चुकली.

सरावाला एक पट

पहिल्या पटावर परत या, पण R4 ऐवजी काळ्याची कोमोकू Q3 वर ठेवा आणि R10 ची सोंगटी एक घर खाली, R9 वर सरकवा.

```
काळा:   Q16, Q3, R9
पांढरा: D16, D4
```

ही मांडणी चायनीज फुसेकी म्हणून ओळखली जाते. Q3 ची उघडी बाजू आता खालची नाही, उजवी आहे, आणि काकारीची जागा R5. R5 पासून दोन घरं सोडली की R8 येतं, आणि त्याला खेटून R9 वर काळा बसलेला आहे. पसरायला जागा नाही, म्हणून इथे कोमोकू उघडी दिसत असूनही R5 वर जाऊ नका. काळ्याने R9 मुद्दाम त्यासाठीच ठेवली आहे. Q3 कडे यायचं तर खालच्या कडेने या. तिकडे D4 पर्यंतची सगळी जागा मोकळी आहे. पटावर दोन्ही बाजूंनी सोंगटी ठेवून पुढच्या पाच-सहा खेळ्या खेळून बघा, आणि प्रत्येक वेळी काळ्याचं पहिलं उत्तर कुठे पडतं ते कागदावर लिहा.